पुन्हा तिथेच की नवीन कुठेतरी?

वर्षातून एकदाच आठ-दहा दिवसांची सलग रजा मिळणाऱ्या माणसासमोर दर वर्षी एकच प्रश्न उभा राहतो. मागच्या वेळी जिथे मन रमले तिथेच पुन्हा जावे, की अजून न पाहिलेल्या ठिकाणाला ही रजा द्यावी? हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो आणि म्हणूनच तो बहुधा त्या त्या वेळच्या लहरीवर सोडला जातो. मी आणि माझी थोरली बहीण गेली अनेक वर्षे एकत्र प्रवास करतो आणि दर वर्षी आमची यावरून चर्चा होते. ताईचा कौल ठरलेला असतो: जिथे आपल्याला सुख लाभते हे माहीत आहे तिथेच जावे. माझे मन नव्याकडे ओढते. या चर्चेतून माझी अशी खात्री होत गेली आहे की, येथे लहरीपेक्षा विचाराला बराच वाव आहे, कारण दोन्ही पर्यायांतून मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची किंमत वेगळ्या रीतीने चुकवावी लागते आणि त्या किमतीचा बराचसा हिशेब आधी मांडता येतो.

आमचे ते आवडते ठिकाण म्हणजे उंच डोंगरांमधील एक अरुंद खोरे. तळाशी वाहता ओढा, त्याच्या दोन्ही काठांना थोडी वस्ती, वर चढत जाणाऱ्या पायवाटा आणि राहायला एक लाकडी सज्जाचे घर, एवढेच तिथे आहे. पाहण्यासारखे प्रसिद्ध काही नाही. त्यामुळे ताईच्या बाजूने बोलताना तिथले एखादे नवल पुढे करता येत नाही. जे सांगायचे ते तिथे पुन्हा पुन्हा गेल्याने काय होते याबद्दलच सांगावे लागते.

त्यातील पहिली गोष्ट वेळेची आहे. अनोळखी ठिकाणी पोहोचल्यावरचा दिवस-दीड दिवस केवळ जुळवून घेण्यात जातो. खोलीत सकाळी ऊन कोणत्या बाजूने येते, कोणत्या वाटेवर गर्दी असते, कोणती चढण दुपारी टाळावी, सायंकाळी निवांत बसायचे तर कुठे, हे सगळे चुकतमाकत शिकावे लागते. मनासारखी वाट बहुधा परतीच्या आदल्या दिवशी सापडते. नव्या ठिकाणाहून परतताना जी चुटपुट लागते तिचा मोठा भाग हाच असतो: आता कुठे आपल्याला हे ठिकाण वापरता येऊ लागले होते. ओळखीच्या ठिकाणी हे शिक्षण मागेच झालेले असते. सामान टेकवले की त्याच सायंकाळी माणूस आवडत्या वाटेवर असतो. सहा दिवसांच्या मुक्कामातील दीड दिवस म्हणजे पाव हिस्सा, आणि रजा जितकी लहान तितका हा हिस्सा मोठा होत जातो. महिनाभराच्या प्रवासात त्याची दखलही घ्यावी लागत नाही.

रजेचा परिणाम कसा चढतो आणि उतरतो याचाही अभ्यास झालेला आहे. नेदरलँड्समधील संशोधक जेसिका डी ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरदारांच्या लांब सुट्ट्यांचा मागोवा घेतला आणि २०१३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुट्टी सुरू होताच माणसांचे स्वास्थ्य झपाट्याने सुधारले, साधारण आठव्या दिवशी ते शिखरावर होते आणि कामावर परतल्यानंतर पहिल्या आठवड्यातच ते पूर्वीच्या पातळीला येऊन ठेपले. ती माणसे सरासरी तीन आठवड्यांच्या आसपास बाहेर होती, त्यामुळे हा आठवा दिवस जसाच्या तसा आठ दिवसांच्या रजेला लावता येणार नाही. तरीही मला त्यात दोन गोष्टी दिसतात. विसाव्याला चढायला वेळ लागतो, तेव्हा लहान रजेत सुरुवातीचे दिवस शोधाशोधीत घालवणे महाग पडते. दुसरे असे की, विसावा कोणताही असो, तो घरी आल्यावर फार काळ टिकत नाही. जे टिकते ते आठवणींच्या रूपाने. आणि आठवणींच्या बाबतीत पारडे नव्या ठिकाणाकडे झुकते.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच याचे मर्म मांडले होते. अनुभवांनी भरलेला काळ जगताना भराभर सरतो, पण मागे वळून पाहताना लांब वाटतो. रिकामा काळ याच्या उलट. अनोळखी ठिकाणचा प्रत्येक दिवस वेगळ्या खुणांनी भरलेला असतो आणि म्हणून तो स्मरणात स्वतंत्र जागा घेतो. सारखे असलेले दिवस मात्र एकमेकांत मिसळून जातात. आमच्या खोऱ्यातील कोणती सायंकाळ कोणत्या वर्षीची, हे आज मला सांगता येणार नाही. त्या सर्व सायंकाळी मिळून एक दाट, उबदार, पण तारखा नसलेली आठवण तयार झाली आहे. याउलट, एका वर्षी आम्ही एका सपाट, वाऱ्याच्या बेटावर गेलो होतो, तेव्हाचा प्रत्येक दिवस मला क्रमाने आठवतो, त्यात धुक्यामुळे होडी सुटेपर्यंत धक्क्यावर काढलेली सकाळही आली. ती सकाळ सुखाची नव्हती, पण ती अजून शाबूत आहे.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी २०१० मधील एका व्याख्यानात जगणे आणि आठवणे या दोहोंना वेगळे करणारा एक प्रश्न विचारला होता, आणि प्रवासाचा बेत आखताना मला तो फार उपयोगी वाटतो. समजा, पुढच्या सुट्टीच्या शेवटी तुमची सर्व छायाचित्रे नष्ट होणार आहेत आणि तुम्हाला असे औषध दिले जाणार आहे की त्या सुट्टीतील काहीही आठवणार नाही. मग तुम्ही तीच सुट्टी निवडाल का? मी हा प्रश्न ताईला विचारला तेव्हा तिने क्षणाचाही विलंब न लावता खोऱ्याचे नाव घेतले. आठवण राहो न राहो, ते सहा दिवस ती तिथेच काढेल. मला मात्र हे उमगले की, आठवणारच नसेल तर बेटावर जाण्याचे माझ्याजवळ फारसे कारण उरत नाही. म्हणजे आमचा मतभेद ठिकाणांबद्दल नव्हताच. तिला ते दिवस जगायचे होते आणि मला ते नंतर जवळ असायला हवे होते. हा भेद स्पष्ट झाल्यावर आमची चर्चा बरीच सोपी झाली. थकून, विसाव्यासाठी निघायचे असेल त्या वर्षी ताईचे म्हणणे बरोबर असते. ज्या वर्षी घडी बसलेल्या जगण्यात काही वेगळे हवे असते त्या वर्षी माझे.

यापुढे हिशेबाचा भाग येतो. माहीत असलेले चांगले घ्यावे की न पाहिलेल्याचा शोध घ्यावा, हा पेच गणितज्ञांना जुन्या काळापासून परिचित आहे. हर्बर्ट रॉबिन्स यांनी १९५२ मध्ये आणि जॉन गिटिन्स यांनी १९७० च्या दशकात त्यावर मूलभूत काम केले. त्यातील क्लिष्ट भाग बाजूला ठेवूनही साध्या अंकगणिताने त्याचे मर्म पाहता येते. समजा, आवडत्या ठिकाणाला दहापैकी आठ गुण आहेत. नवे ठिकाण शून्यापासून दहापर्यंत कुठेही असू शकते आणि सर्व शक्यता सारख्या आहेत. म्हणजे नव्या ठिकाणाकडून सरासरी पाच गुणांची अपेक्षा ठेवावी. यंदाचा तोटा तीन गुणांचा. ते आठापेक्षा सरस निघण्याची शक्यता पाचात एक. सरस निघालेच, तर ते सरासरी नऊवर असेल, म्हणजे त्यानंतर दर वर्षी एक गुण जास्त मिळेल. पाचात एक शक्यता आणि एका गुणाचा लाभ, म्हणजे पुढच्या प्रत्येक वर्षामागे सरासरी एक पंचमांश गुण. तीन गुणांचा तोटा भरून निघायला अशी पंधरा वर्षे लागतील.

आता यात एकच गोष्ट बदलू. नवे ठिकाण डोळे मिटून न निवडता, आपला स्वभाव ओळखणाऱ्या माणसाला विचारून, हवामान पाहून, गर्दीचा हंगाम टाळून निवडले, तर अगदी वाईट शक्यता गळून जातात. समजा, उरलेल्या शक्यता चार ते दहा गुणांच्या आहेत. मग सरासरी सात, यंदाचा तोटा फक्त एक. आठापेक्षा सरस असण्याची शक्यता तीनात एक, लाभ तोच एक गुण, म्हणजे वर्षाला एक तृतीयांश. तोटा तीन वर्षांत भरून निघतो. पंधरा आणि तीन यांतील हे अंतर मला या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. नव्याची ओढ असलेली माणसे पुष्कळदा निवडीवर मेहनत घेत नाहीत, कारण अनोळखीपणातच मौज आहे असे त्यांना वाटते. पण नवे ठिकाण परवडते की नाही, हे त्या निवडीवरच अवलंबून असते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते: पुढे किती वर्षे उरली आहेत यावर उत्तर बदलते. येथे वर्षे म्हणजे आयुष्याचीच असे नव्हे. त्याच सोबतीने, त्याच पायांनी, त्याच प्रकारच्या प्रवासाला जाण्याची वर्षे. सापडलेल्या चांगल्या ठिकाणाचा उपयोग पुढे जितक्या वेळा होणार, तितका शोध फायद्याचा. म्हणून ज्यांनी नुकताच एकत्र प्रवास सुरू केला आहे त्यांनी पहिली काही वर्षे मोकळेपणाने नवे पाहावे. ज्या कुटुंबातील मुले दोन-तीन वर्षांत आपापल्या वाटेला लागणार आहेत त्यांनी, सर्वांना जे आवडते ते माहीत असेल तर, उरलेल्या सुट्ट्या तिथेच घालवाव्यात. वय वाढले की माणसे नव्याला घाबरतात असे सरसकट म्हटले जाते, पण पुष्कळदा ती माणसे हा हिशेब न मांडताच बरोबर सोडवत असतात.

मात्र या गणितात गुण आधीच ठाऊक आहेत असे गृहीत धरले आहे आणि प्रत्यक्षात तसे नसते. एका भेटीवरून दिलेला गुण म्हणजे ठिकाण आणि नशीब यांचे मिश्रण असते. स्वच्छ हवा, रिकाम्या वाटा, आपली चांगली प्रकृती, सोबत्यांचा प्रसन्न मूड, हे सगळे जुळून आले की ठिकाणाला नऊ गुण पडतात. आपण पाहिलेल्या अनेक ठिकाणांतून जे सर्वांत आवडले तेच पुन्हा जाण्यासाठी निवडतो, म्हणजे ज्या भेटीत नशिबाने सर्वाधिक साथ दिली असण्याची शक्यता आहे, नेमकी तीच भेट निवडतो. दुसऱ्या खेपेला नशीब सरासरीवर येते आणि गुण उतरतात. दुसरी भेट फिकी वाटण्याचे हे साधे कारण आहे. पण माणसे त्याचा अर्थ असा लावतात की एकदा गेलेल्या जागी पुन्हा जाऊच नये, तिथली जादू ओसरते. माझ्या मते दुसऱ्या भेटीवरून काहीच ठरवू नये. ठिकाणाची खरी पातळी तिसऱ्या भेटीच्या सुमारास दिसू लागते, कारण तोवर पावसाचेही दिवस वाट्याला आलेले असतात आणि तरीही तिथे यावेसे वाटते की नाही, हे कळलेले असते.

याची दुसरी बाजू अधिक चटका लावणारी आहे. चांगल्या नशिबामुळे जास्त गुण मिळालेल्या ठिकाणी आपण परत जातो, म्हणून त्याचे मूल्यमापन पुढे दुरुस्त होते. वाईट नशिबामुळे कमी गुण मिळालेल्या ठिकाणी आपण परत जातच नाही, म्हणून ती चूक कायम राहते. दर वर्षी नवे ठिकाण पाहणाऱ्यांच्या यादीत अशी अन्याय झालेली ठिकाणे साठत जातात. सलग तीन दिवस पाऊस लागलेले गाव, तापाने फणफणत पाहिलेला किनारा. म्हणून नव्या ठिकाणाबद्दल नाराजी वाटली तर मी आता स्वतःला विचारते की, नाराजीचे कारण पुढच्या वर्षीही तिथेच असेल का. भोवतालचा कर्कश रस्ता असेल, चालायला वाटाच नसतील, तर ते कारण ठिकाणाचे आहे आणि पुन्हा जाण्यात अर्थ नाही. ढग असतील तर त्यांचा दोष ठिकाणाच्या माथी मारणे योग्य नाही.

आता परत जाण्यातून जे मिळते त्याकडे येते. येथे मला वेळेच्या बचतीपेक्षा खोल असे काही दिसते. आमच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला उत्तरेकडे तोंड करून उभा असलेला एक कडा आहे. त्याच्या पायथ्याशी, जिथे ऊन जेमतेम पोहोचते, तिथे हिवाळ्यातील बर्फाचा एक पट्टा उन्हाळा सुरू झाल्यावरही तग धरून असतो. पहिल्या वर्षी मी तो पाहिला, छायाचित्र काढले आणि पुढे गेले. उन्हाळ्यातही बर्फ, एवढीच त्याची नोंद होती. आम्ही दर वर्षी जवळपास त्याच आठवड्यात जातो, म्हणून पुढच्या वर्षी मला दिसले की हा पट्टा गेल्या वेळी मेंढ्यांच्या दगडी वाड्याच्या भिंतीला टेकला होता आणि या वेळी भिंत पूर्ण उघडी आहे. त्यानंतर एका वर्षी तो शिळांच्या खाचेत मावेल एवढाच उरला होता, आणि एका वर्षी वाड्याचे दारही दिसत नव्हते. पहिल्या भेटीत हा पट्टा मोठा की लहान, हे मला ठाऊक असणे शक्यच नव्हते. एका नोंदीला मोठे-लहान नसते. त्यासाठी दुसरी नोंद लागते.

एकदा हे लक्षात आल्यावर बाकीचे धागे जुळू लागले. ज्या वर्षी बर्फ भरपूर उरलेला असतो त्या वर्षी खालचा ओढा फुगलेला असतो आणि पलीकडे जाण्याचे दगड पाण्याखाली जातात. मग पुलावरून मोठा वळसा घालावा लागतो. पट्ट्याच्या कडेची जमीन उशिरा मोकळी होते, म्हणून तिथली रोपे उशिरा फुलतात. खाली वस्तीजवळ ज्या फुलांच्या जागी बिया धरलेल्या असतात, तीच फुले वर बर्फाच्या काठाशी नुकती उमलत असतात. वस्तीपासून कड्यापर्यंत दोन-तीन तास चढत जाणे म्हणजे ऋतूमध्ये काही आठवडे मागे जाणे आहे, हे मला कित्येक भेटींनंतर उमगले, आणि तेही शेजारच्या घरातील आजींनी एकदा बोलता बोलता विचारल्यावर की, वर फुले लागली का, मग अजून दहा-बारा दिवस ओढ्याचे पाणी उतरायचे नाही. त्यांनी हे मला पहिल्या वर्षी सांगितले नसते. सांगितले असते तरी ऐकून सोडून दिले असते, कारण ते वाक्य कुठे ठेवायचे हे मला तेव्हा माहीत नव्हते.

चित्रकार क्लोद मोने यांनी १८९२ आणि १८९३ या दोन वर्षांत रूआँ शहरातील कॅथेड्रलसमोर जागा भाड्याने घेऊन त्या एकाच दर्शनी भागाची तीसहून अधिक चित्रे केली. ते अनेक कॅनव्हास एकाच वेळी हाताशी ठेवत आणि प्रकाश बदलला की दुसरा कॅनव्हास पुढे घेत. इमारत तीच, म्हणूनच प्रकाशातील फरक रंगवता आला. समोरचे दृश्यही बदलत राहिले असते तर कोणता बदल दृश्याचा आणि कोणता उजेडाचा, हे वेगळे काढता आले नसते. दर वर्षी त्याच जागी जाणाऱ्या प्रवाशाला हेच साधते. एक गोष्ट स्थिर ठेवल्यामुळे बाकीच्या गोष्टींची हालचाल दिसते. त्यात तो स्वतःही येतो. ज्या चढणीवर पूर्वी न थांबता जात होते तिथे आता मी दोनदा थांबते, आणि हे मला दुसऱ्या कोणत्याही डोंगरावर इतक्या नेमकेपणाने कळले नसते.

मग इतके असूनही पुन्हा तिथे जायचे म्हटले की मनाला ते कमी का वाटते? मानसशास्त्रज्ञ एड ओब्रायन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे एक उत्तर आहे. त्यांच्या एका प्रयोगात लोकांनी संग्रहालयातील प्रदर्शन एकदा पाहिले. मग काहींनी ते पुन्हा पाहिल्यास किती आवडेल याचा अंदाज सांगितला आणि काहींनी ते खरोखर पुन्हा पाहिले. प्रत्यक्ष पुन्हा पाहणाऱ्यांना ते अंदाजापेक्षा अधिक आवडले. पहिल्या खेपेला आपण सर्व काही पाहिले आहे असे वाटते, पण पुष्कळ काही सुटलेले असते, आणि जे सुटले त्याची आपल्याला कल्पना नसते. हा प्रयोग लगोलगच्या पुनरावृत्तीचा होता, वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्याचा नव्हे. तरीही घरी बसून केलेला कंटाळ्याचा अंदाज फारसा विश्वासार्ह नसतो, एवढे त्यातून घेता येते.

बेत आखण्याच्या बाबतीतही असेच एक निरीक्षण आहे. ग्राहकांच्या निवडींचे अभ्यासक इटामार सायमनसन यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, पुढील अनेक वेळांसाठीची निवड एकदम करायला सांगितली तर माणसे त्यात बरीच विविधता घालतात. पण प्रत्येक वेळी त्या त्या क्षणी निवडायला सांगितले तर आपल्या आवडत्या गोष्टीकडेच अधिक वेळा वळतात. कागदावर पुढच्या पाच वर्षांची यादी केली की पाच वेगळी ठिकाणे लिहिली जातात, कारण कागदावर पाचही वर्षे एकाच नजरेत येतात आणि एकच नाव पाचदा लिहिणे विचित्र दिसते. जगताना मात्र दोन भेटींच्या मध्ये पूर्ण वर्ष असते, आणि त्या वर्षात भूक पुन्हा लागलेली असते. म्हणून लांबची यादी करण्याऐवजी एकेका वर्षाचा निर्णय एकेकदा घ्यावा, असे मला वाटते.

तरीही मी ताईच्या बाजूला पूर्णपणे गेलेली नाही, आणि त्याचे कारण ते बेटच आहे. तिथे पहिल्या रात्री वारा पडला तेव्हा मी खरी शांतता ऐकली आणि त्या क्षणी मला कळले की, आमच्या खोऱ्यात शांतता कधीच नसते. तिथे अहोरात्र ओढ्याचा आवाज असतो आणि तिथल्या ज्या निवांतपणाला मी शांतता म्हणत आले तो त्या अखंड आवाजाचाच परिणाम आहे. बेटावर क्षितिज चारी बाजूंनी उघडे होते, सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उजेड रेंगाळत होता. खोऱ्यात ऊन दुपार उतरायच्या आत कड्यामागे जाते आणि म्हणून तिथे आमचा दिवस पहाटे सुरू होतो. ही सवय माझी नसून कड्याची आहे, हे मला खोऱ्यात राहून कधीच कळले नसते. सतत एकाच जागी जाणाऱ्याला त्या जागेतील बदल बारकाईने दिसतात, पण ती जागा मुळात कशी आहे हे दुसरी जागा पाहिल्याशिवाय दिसत नाही. बेटानंतरच्या वर्षी मी खोऱ्यात गेले तेव्हा पहिल्या सायंकाळी सज्जात बसून ओढाच ऐकत राहिले.

परत जाणे बिघडू लागल्याची लक्षणेही ओळखता येतात. बोलण्यात ‘गेल्या वर्षी’ हे शब्द कशासाठी येतात, याकडे मी लक्ष देते. गेल्या वर्षी पाणी इथवर होते, असे कोणी म्हणाले तर ते निरीक्षण आहे. गेल्या वर्षी किती मजा आली होती, हे वाक्य दिवसातून अनेकदा येऊ लागले तर आपण खोऱ्यात नसून मागच्या सुट्टीत राहायला आलो आहोत. त्याच क्रमाने त्याच वाटा, तोच बाक, त्याच जागी तेच छायाचित्र, आणि त्यातील एखादी गोष्ट राहून गेली तर हिरमोड, असे होऊ लागले की एक-दोन वर्षे दूर राहणे चांगले. नव्याच्या मागे लागलेल्यांची लक्षणे वेगळी असतात. दोन वर्षांपूर्वीच्या जागा आठवताना त्यांची अदलाबदल होते, पोहोचण्याआधीच पुढच्या जागेचा शोध सुरू होतो आणि ठिकाण पाहून झाल्याचा आनंद ते पाहण्याच्या आनंदापेक्षा मोठा होऊन बसतो. अशा वेळी आधी पाहिलेल्यांपैकी एखाद्या जागी दुसऱ्यांदा जाणे हाच उपाय मला दिसतो, शक्यतो वेगळ्या ऋतूत.

ऋतू बदलणे हा मधला मार्ग आम्ही एका वर्षी करून पाहिला आणि तो मला मनापासून पटला. खोऱ्यात शरदात गेलो तेव्हा वाटा पायांना ठाऊक होत्या, शोधाशोधीत एकही तास गेला नाही, पण ओढा निम्म्याहून कमी होता, कड्याखालची जागा कोरडी होती आणि ज्या उतारावर आम्ही फुले पाहिली होती तो पिंगट पडला होता. जुळवून घेण्याचा खर्च जुन्या ठिकाणाइतका कमी आणि पाहण्याचे मोल नव्या ठिकाणाइतके. त्याच लहान रजेत अर्धे दिवस जुन्या आणि अर्धे नव्या जागी काढण्याची तडजोड मात्र मी कोणाला सुचवणार नाही. प्रवासाचा एक पूर्ण दिवस मध्येच खर्ची पडतो, नव्या जागी जुळवून घेण्याचा काळ संपतो न संपतो तोच परतायची वेळ होते आणि जुन्या जागी जीव रमायच्या आत सामान बांधावे लागते.

सध्या आमच्यात असे ठरले आहे की, सहसा खोऱ्यातच जायचे आणि काही वर्षांच्या अंतराने एखादे वर्ष नव्याला द्यायचे. ते नवे ठिकाण निवडण्याचे काम माझे, आणि त्यासाठी मी हिवाळाभर माहिती काढते, कारण तीन वर्षे आणि पंधरा वर्षे यांतील फरक मला विसरायचा नाही. खूप थकलेल्या वर्षी नवे काढायचे नाही. नवे ठिकाण बरे वाटले तर त्याला पुढच्याच वर्षी दुसरी संधी द्यायची आणि नाराजी पावसामुळे असेल तरीही द्यायची. ताईने यावर एकच अट घातली: खोऱ्यापासून सलग दोन वर्षे दूर राहायचे नाही, कारण शेजारच्या आजी आता थकल्या आहेत. ही अट आणि दुसऱ्या संधीचा नियम सरळ एकमेकांच्या आड येतात, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे. यंदा नेमके तेच झाले आहे. गेल्या वर्षीच्या नव्या किनाऱ्यावर चार दिवस पाऊस होता, नियमाप्रमाणे तिथे पुन्हा जायला हवे, आणि ताई म्हणते की किनारा पुढच्या वर्षीही तिथेच असेल. मी खोऱ्यातील घराला निरोप पाठवला आहे.